माग बंद आहे (कथा)

अंबाझरीकर

नमस्कार मंडळी. बरेच वर्षं इथं फक्त वाचत आलोय, पहिल्यांदाच कथा टाकतोय. लेखक नाही मी, शुद्धलेखनावरून झोडपू नका. थोडी मोठी आहे, चहा घेऊन बसा.

...

श्वेताचा फोन वाजला तेव्हा ती शंकरनगरला पोह्याच्या ठेल्यावर उभी होती आणि तर्री जास्त झाली म्हणून ठेलेवाल्याशी वाद घालून राहिली होती. स्क्रीनवर नाव आलं, काकाजी टांडापेठ. काकाजी स्वतःहून कधी फोन करत नसत, मिस कॉल देत.

"बाई, एक काम होतं तुह्याकडं."

"बोला ना काकाजी."

"मले त्या फिलममधून काढून टाक."

तिला वाटलं एखादा सीन आवडला नसेल, बनियनवर बसलेले आहेत तो वगैरे. "कोणतं काढू?"

"कोणतं काय कोणतं. मलेच काढ. माग बंद हाय आता." आणि ठेवला.

तीन वर्षं. टांडापेठेच्या त्या गल्लीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा हातमाग तीन होते, आता एकच उरलेला, काकाजींचा. खड्डा माग. माणूस जमिनीच्या लेव्हलला बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, दोरी ओढली की धोटा खटकन इकडून तिकडं. नऊवारी लुगडं, रेशीम किनार. काकू बाजूला चरख्यावर कांड्या भरायच्या. काकू दुसऱ्या वर्षी गेल्या. एकसष्ट तासांचं फुटेज, त्यातून चौऱ्याहत्तर मिनिटांची फिल्म, नाव 'बाणा'. एका फेस्टिव्हलमध्ये निवड झाली होती आणि फायनल कॉपी पाठवायला सोळा दिवस उरले होते.

संध्याकाळी ती गेली. मागावर जुनी चादर टाकलेली. काकाजी ओट्यावर बसलेले, तिच्याकडं न बघता म्हणाले, "चाय घेशीन का?" आणि आत गेले ते बाहेरच येईनात. बाहेर आला त्यांचा मुलगा. सरकारी नोकरीत, पंचवीस वर्षं झाली, अतिशय सभ्य माणूस, शूटिंगच्या वेळी नेहमी ऑफिसला गेलेला असायचा त्यामुळं श्वेताला फारसा माहीत नव्हता.

तो म्हणाला, "मॅडम, माझं व्हॅलिडिटीचं प्रकरण कोर्टानं परत समितीकडं पाठवलंय. नव्यानं चौकशी होणार. दक्षता पथक घरी येईल, शेजारी विचारेल, जुने कागद बघेल. मी सध्या अधिसंख्य पदावर आहे, अकरा अकरा महिन्यांवर चाललंय माझं. रिटायरमेंटला चार वर्षं आहेत."

श्वेता नागपूरचीच, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला काकाजी कॅमेऱ्याकडं बघून अगदी छाती फुगवून सांगतात, "आमी पिढीजात कोष्टी. माह्या आज्यानं हेच केलं, त्याच्या आज्यानं हेच केलं." टीझरमध्ये पण तेच वाक्य घेतलं होतं, कारण बोलताना ते इतके सुंदर दिसतात. आणि मुलाचा दाखला हलबा, अनुसूचित जमातीचा.

"ते वाक्य काढते मी. आजच काढते."

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. "मॅडम, अख्खा सिनेमाच ते वाक्य आहे ना."

घरी येऊन तिनं प्रोड्यूसरला फोन लावला. तो म्हणाला फॉर्मवर सही आहे ना, मग? सही होती. दोन पानांचा रिलीज फॉर्म, मराठीत करून घेतलेला, तिनं स्वतः वाचून दाखवला होता. कलम सहा, ही संमती कायमस्वरूपी असून मागे घेता येणार नाही. काकाजींनी तेव्हा विचारलं होतं, "म्हंजे मेल्यावरबी?" आणि काकूंसकट सगळे हसले होते. तो हसण्याचा आवाज पण रेकॉर्डेड आहे.

रात्री एडिटर आला. त्यानं टाइमलाइनची कॉपी केली, नाव दिलं `BANA_v7_NO_KAKAJI`, आणि काकाजी ज्यात दिसतात ते सगळे क्लिप बंद केले. चौऱ्याहत्तरचे एकोणीस मिनिटं उरले. मग ज्यात दुसरे लोक काकाजींबद्दल बोलतात, सुताचा दुकानदार, फणी बांधणारा, पॉवरलूमवाला शेजारी, ते काढलं. तेरा. त्या तेरात इतवारीचा बाजार, पाऊस, गल्लीतलं मांजर, काकूंचे हात, आणि खाली मागाचा आवाज.

"आवाज ठेवू शकतो," एडिटर म्हणाला. "आवाजाला कुठं चेहरा असतो."

श्वेतानं तो आवाज मोबाईलवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावाल्याला ऐकवला, काही न सांगता. त्यानं चुना लावता लावता मान वर न करता सांगितलं, "काकाजीचा माग व्हय ना. तिसऱ्या ठोक्याले कुरकुरते तो."

तिनं फेस्टिव्हलला मेल केला. तीन ओळींचा. कारण लिहिलं नाही, कारण कारण लिहिलं असतं तर तेच कुठंतरी राहिलं असतं.

पंधरा दिवसांनी ती पेढे घेऊन सांगायला गेली की काढलं, सगळीकडून काढलं. काकाजींनी पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, "ते कांड्या भरते, ते बी गेलं का?"

"नाही काकाजी. ते आहे माझ्याकडं. चार मिनिटं आहे सलग. पेनड्राईव्हमध्ये आणून देऊ का?"

त्यांनी आत मुलाकडं पाहिलं. मुलगा दारात उभा होता. तो काहीच बोलला नाही, पण काकाजी म्हणाले, "नको. घरात नको आता."

आता महिन्यातून एखादेवेळी, साधारण रात्री नऊच्या सुमारास, मिस कॉल येतो. श्वेता फोन लावते, स्पीकरजवळ धरते, आणि चार मिनिटं चरखा लावते. दोघंही काही बोलत नाहीत. चरखा थांबला की काकाजी म्हणतात, "हाव," आणि ठेवतात.

...

झाली. सांगा कशी वाटली.

मीनल_धरमपेठ

बापरे. शेवटाला गलबललं. पानठेलेवाला तर एकदम खरा उतरलाय. पण एक विचारू, श्वेतानं इतक्या पटकन कसं काय सोडलं? तीन वर्षं घातली होती ना, मी असते तर निदान आठवडाभर तरी भांडले असते. कथेत ती रात्र फार लवकर संपते असं वाटलं.

खामला_कट्टा

कथा चांगली पण बेसिक लोच्या आहे. तो फॉर्म स्टॅम्प पेपरवर होता का? साध्या कागदावर असेल तर व्हॅल्यू झिरो, त्यात आता महाराष्ट्रात शंभरचा बॉण्ड चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून मिनिमम पाचशेचा लागतो. म्हणजे काकाजी आरामात म्हणू शकत होते की सही-बिही काही नाही. उगाच एवढं रडारड.

वकीलीणबाई

खामला भाऊ, पाचशेचं बरोबर सांगितलं, बाकीचं नाही. स्टॅम्प कमी असला किंवा नसला म्हणून करार रद्दी होत नाही. कोर्टात पुरावा म्हणून दाखवताना अडतो, तेव्हा ड्युटी आणि दंड भरला की पुढं सरकतो. आणि संमती ही मुळात तोंडी सुद्धा असू शकते, बरेच डॉक्युमेंटरीवाले कॅमेऱ्यावरच "माझी हरकत नाही" म्हणवून घेतात.

खरी गंमत वेगळीकडं आहे. त्या फॉर्ममध्ये काकाजींना काय मिळालं? एक रुपया जरी लिहिलेला नसेल तर करार कायदा, १८७२ चा, विचारतो की मोबदला काय. मोबदल्याशिवायचा करार साधारणपणे टिकत नाही. मग तो फॉर्म 'करार' राहत नाही, नुसती परवानगी राहते, आणि नुसती परवानगी मागे घेता येत नाही असं म्हणणं बरंच अवघड जातं. प्रोड्यूसरचा वकील म्हणेल की त्यांच्या भरवशावर आम्ही लाखो खर्च केले, आता मागे फिरता येणार नाही, आणि त्यातही दम आहे. सरळ उत्तर नाही.

शिवाय प्रायव्हसी. १९९४ चा ऑटो शंकरवाला निकाल आणि २०१७ चा पुट्टास्वामी, दोन्ही आहेत. नवीन डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्यात कलम ६ मध्ये दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क स्पष्ट दिलाय, आणि द्यायला जितकं सोपं तितकंच मागे घ्यायला सोपं पाहिजे असं म्हटलंय. त्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूट ठेवलेली नाही, यावरून बरीच ओरड झालीय. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत, त्यामुळं डॉक्युमेंटरीवर हे कसं लागणार ते कोर्टातून अजून कोणी घासून बघितलेलं नाही.

खामला_कट्टा

बरं बाई, स्टॅम्पचं मागे घेतो. पण मग म्हणजे कोणीही उठून शूटिंग झाल्यावर काढा म्हणेल. धंदा कसा करायचा लोकांनी?

गोरेवाडा_एक्सप्रेस

हा प्रॉब्लेम मला पण आलाय!! माझ्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचा जेठ आहे, आता त्यांच्यात कोर्ट केस चालू आहे, तर आम्ही व्हिडिओवाल्याला म्हटलं त्याला काढून दे. तो म्हणतो प्रत्येक फ्रेमला दोनशे रुपये. फ्रेम म्हणजे किती असतात? वरमाला तर पूर्ण त्यानंच धरून ठेवलीय मधात. कोणाकडं स्वस्तात होत असेल तर सांगा, इथं एडिटर लोक दिसून राहिले म्हणून विचारतो.

चौथी_रीळ

एक्सप्रेस भाऊ, एका सेकंदाला पंचवीस फ्रेम. वरमाला दोन मिनिटं चालली असेल तर सहा लाख रुपये झाले, जेठ राहू द्या.

आता कथेवर. मी एडिटिंग टेबलवर बावीस वर्षं काढली, आधी मुंबई, आता मानेवाड्याला घरूनच. तेरा मिनिटांचा हिशोब वाचून पोटात गोळा आला, कारण तो हिशोब अगदी असाच होतो. माणूस दिसतो तेवढं काढलं की काम झालं असं नवीन लोकांना वाटतं. मग कळतं की बाकी सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते, आणि ज्या शॉटमध्ये तो नाही तिथं त्याच्याच खोलीची हवा वाजत असते.

अंबाझरीकर, तुम्ही ब्लरचा पर्याय कथेत घेतला नाही ते बरोबर केलं, पण कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. चेहरा धूसर करणं हे लांबच्या प्रेक्षकासाठी असतं. मुंबईच्या माणसाला काकाजी कळणार नाहीत. पण दक्षता पथक मुंबईत चौकशी करणार नाही, ते टांडापेठेत करणार, आणि टांडापेठेत ओटा दिसला, चादर दिसली, चष्म्याची दोरी दिसली की झालं. धोका ज्याच्यापासून आहे तो माणूस जितका जवळचा तितका ब्लर निकामी. मी एकदा एका बाईचा चेहरा, आवाज दोन्ही बदललं होतं, आणि तिच्या नणंदेनं तिला बांगड्यांवरून ओळखलं. तेव्हापासून मी दिग्दर्शकाला आधी विचारतो, हिला कोणापासून लपवायचंय?

दुसरी गोष्ट. तुम्ही "सगळीकडून काढलं" एका वाक्यात उरकलंत. तिथं मोठी कथा आहे हो. फिल्म काढणं सोपं, बाकीचे तुकडे गोळा करणं कठीण. टीझर इन्स्टावर, त्याचं कोणीतरी केलेलं रीशेअर. पासवर्डवाली स्क्रीनर लिंक, जी निवड समितीतल्या प्रत्येकाकडं गेलीय. ग्रँटसाठी पाठवलेली पीडीएफ, त्यात पहिल्याच पानावर काकाजींचा फोटो आणि खाली तेच वाक्य. फेस्टिव्हलच्या कॅटलॉगची प्रुफं. कलर करणाऱ्याकडची हार्डडिस्क, सबटायटलवाल्याकडची फाइल. सबटायटल फाइलमध्ये तर "आमी पिढीजात कोष्टी" हे वेळेसकट इंग्रजीत टाइप केलेलं असणार, सर्च करता येईल असं. मी असतो तर सगळ्यात आधी ती फाइल गाठली असती.

अंबाझरीकर

चौथी रीळ, सबटायटल फाइल! हे डोक्यात आलंच नव्हतं. धन्यवाद काका, आणि अंगावर काटा पण आला.

मीनल, रात्र लवकर संपते हे खरंय. मी लिहिली होती मोठी, त्यात ती प्रोड्यूसरशी भांडते, रडते वगैरे, मग वाचताना वाटलं की भांडण तिचं तिच्याशीच होतं आणि ते मुलाच्या त्या एका वाक्यातच संपलं होतं, बाकी नुसता आवाज.

इतवारी_जुनामाणूस

मुद्दा भलतीकडं चाललाय. मूळ प्रश्न हा की हलबा आणि कोष्टी वेगळे की एक. सुप्रीम कोर्टानं २००० सालीच निकाल दिलाय की यादीत हलबा लिहिलंय म्हणजे हलबा कोष्टी धरता येणार नाही, मग २०१७ मध्ये नोकऱ्यांच्या संरक्षणावरही निकाल आला, तरी लोक काय ऐकून राहिले नाहीत. लेखकानं त्यावर भूमिका घ्यायला पाहिजे होती. पळवाट काढली.

अंबाझरीकर

काका, निकाल तुम्ही बरोबर सांगितले, आणि त्यानंतर डिसेंबर २०१९ चा अधिसंख्य पदांचा जीआर आला, त्यातलाच तो मुलगा आहे. पण तो वाद इथं नको, त्यावर या साइटवर आधीच दोन धागे बंद पडलेत. काकाजींना स्वतःला विचाराल तर ते हलबा पण म्हणतील आणि कोष्टी पण म्हणतील, एक जात म्हणून आणि एक काम म्हणून, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटणार नाही. कॅमेऱ्यासमोर त्यांनी कामाचं सांगितलं, कागदावर ते जातीचं वाचलं जाईल. मला तेवढंच लिहायचं होतं.

टिमकी_वाला

मी जास्त बोलणार नाही, आयडी पण नवीन काढलाय. आमच्या घरी चौकशी झालेली. आजीला विचारलं देव कोणते, लग्नात काय काय करता, मेल्यावर काय करता, भाषा कोणती. आजीला वाटलं पाहुणे आले, तिनं भरभरून सांगितलं, मधात वडिलांनी डोळ्यानं खुणावलं तरी थांबली नाही. कोतवाल बुकाच्या नकलेसाठी वडील तहसीलला किती चकरा मारले त्याचा हिशोब नाही, १९५० च्या आधीचा कागद पाहिजे म्हणून. आता आजीनं बोलताना गप्प व्हावं असं आम्ही तिला शिकवलंय. ती गप्पच असते.

ते "घरात नको आता" वाचून उठून पाणी प्यायलो. बस.

मीनल_धरमपेठ

टिमकीवाला, काय बोलावं कळत नाही.

खामला_कट्टा

पण मला अजून एक खटकतंय. काकाजींनी रफ कट बघितला होता का आधी? बघून हो म्हणाले असतील आणि मग शेवटच्या सोळा दिवसांत पलटले असतील तर ते पण चूक आहेत ना थोडे. पोरीचे तीन वर्षं गेले. कदाचित पैसे पाहिजे असतील, आडून सुचवत असतील.

चौथी_रीळ

पैशाची शंका प्रत्येक प्रोड्यूसरला पहिली येते. ज्याला पैसे पाहिजे असतात तो आकडा सांगतो किंवा निदान फोन उचलतो. ज्याला खरंच निघायचंय तो चहा विचारून आत जातो आणि बाहेर येत नाही.

रफ कटचं मात्र तुमचं बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी काय होतं, दिग्दर्शक लॅपटॉप घेऊन घरी जातो, सगळी गल्ली जमते, पंधरा माणसं, पोरं ओरडतात "अरे मी दिसलो", कोणी आपल्या बनियनवर हसतं, शेवटी टाळ्या. आणि दिग्दर्शक लिहून ठेवतो की सब्जेक्टनं बघितलं आणि पसंत केलं. ते बघणं नव्हतंच, ती गणपतीची आरती होती. मी दिग्दर्शकांना म्हणतो, एकट्याला दाखवा, आणि घरातला जो माणूस शूटिंगला कधीच नव्हता त्याला शेजारी बसवा. इथं तो मुलगा बसला असता तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला तिथंच उठला असता. दीड वर्ष आधी. तेव्हा कदाचित फिल्म दुसऱ्या माणसावर फिरवता आली असती, फणी बांधणाऱ्यावर वगैरे. आता सोळा दिवसांत कुठं फिरवणार.

आणि श्वेताची बाजू घेऊन पण बोलतो. मुलगा ऑफिसला जातो म्हणून ती त्याला विसरली असं नाही. तो फ्रेममध्ये नको होता तिला. बुशशर्ट, बाइक, टिफिन. शेवटच्या विणकराच्या घरात सरकारी नोकर आला की 'शेवटचा विणकर' थोडा कमी शेवटचा वाटतो. आम्ही सगळे हे करतो. मी स्वतः असे मुलगे कापलेत टेबलवर.

वकीलीणबाई

हे वर सांगायला पाहिजे होतं, मुलाच्या संमतीचं कोणी बघितलंच नाही. फॉर्म काकाजींचा, पण त्या वाक्याचा परिणाम ज्याच्यावर होणार त्यानं कशावरही सही केलेली नाही. एकाच कुळातल्या माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या जातीच्या दाव्यात उतरतं. मी असे फॉर्म बनवून देते, त्यात आता एक ओळ घालीन, कशी घालायची ते अजून सुचलेलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर कोणी डॉक्युमेंटरी करूच शकणार नाही.

एक शंका मात्र राहते. नुसतं एका फिल्ममधलं वाक्य समिती किती धरेल? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नातं-रूढीची कसोटी ही एकमेव कसोटी नाही, जुने कागद जास्त महत्त्वाचे. म्हणजे कदाचित काही झालंच नसतं, फिल्म लागली असती आणि कोणी बघितली पण नसती. वकील म्हणून मी मुलाला काय सल्ला दिला असता? काढा. आई म्हणून पण काढा. पण प्रेक्षक म्हणून मला ती चौऱ्याहत्तर मिनिटं बघायची होती.

इतवारी_जुनामाणूस

भूमिका घेत नाही म्हटलं त्याबद्दल सॉरी. एक सांगतो, आमच्या दुकानात लुगडं यायचं तेव्हा वडील किनारीवर नखानं टिचकी मारून सांगायचे कोणत्या घरचं आहे. तुमचा पानठेलेवाला आवाजावरून ओळखतो ते वाचून आठवलं. हे घरातून घराला वेगळं असतं, ठोक्याचा जोर वेगळा असतो.

गोरेवाडा_एक्सप्रेस

सहा लाख ऐकून बहिणीनंच सोडून दिलं. ती म्हणते वरमालेच्या वेळी त्याचा पाय घसरतो ते तरी ठेवा. कथा आत्ता पूर्ण वाचली, छान आहे. श्वेता म्हणजे तुम्हीच का?

अंबाझरीकर

नाही हो. मी आवाजवाला. अशा एका कामावर बूम धरून उभा होतो, दोन पावसाळे. गल्ली, माणसं, नोकरी, वर्षं, सगळं बदललंय, कोणी शोधत बसू नका, आणि टिमकीवाल्याची पोस्ट वाचल्यावर तर वाटतंय अजून जास्त बदलायला पाहिजे होतं. टांडापेठ पण खरी जागा नाही, दुसरीकडची गोष्ट आहे.

श्वेतानं ती कथा वाचलीय, टाकण्याआधी. तिनं एकच दुरुस्ती सुचवली. मी आधी लिहिलं होतं की ती पेढे घेऊन गेली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. तिनं ते वाक्य खोडायला लावलं.

मीनल_धरमपेठ

आणि पेनड्राईव्ह?

अंबाझरीकर

तिच्या ड्रॉवरमध्ये आहे. वर पट्टी चिकटवलीय, लाइट बिल २०१९.